रेफरीच्या पत्राला उत्तर

ऐंशीच्या दशकात आमच्या विभागात परदेशी जर्नलचं पाकीट आलं की शिपाई ते आधी हातावर तोलून बघायचा. पातळ असलं तर नुसती पोच, नाहीतर सरळ नकार. जाड असलं तर आत आपल्याच लेखाची एक प्रत, तिच्या समासात पेन्सिलीच्या खुणा, संपादकांचं एक पानी पत्र आणि दोन रेफरींच्या अभिप्रायांच्या झेरॉक्स. लेख पाठवून तोवर चार-सहा महिने उलटलेले असायचे. शेतातला प्रयोग संपून पुढचा रब्बी सुरू झालेला असायचा, आणि लेखातला एखादा आकडा कुठून आला हे आठवायला जुन्या नोंदवह्या काढाव्या लागायच्या.

आमचे सर त्या अभिप्रायांची आणखी एक झेरॉक्स काढायला लावत आणि कात्री घेऊन बसत. रेफरीचं म्हणणं वाक्यावाक्याने कापायचं, एकेक पट्टी एकेका फुलस्केपच्या माथ्याला डिंकाने चिकटवायची आणि खालचं पान कोरं ठेवायचं. परिच्छेद कापायचा नाही, वाक्य कापायचं, हा त्यांचा नियम. मला आधी हा कागदाचा अपव्यय वाटायचा. दोन-तीन लेख या कात्रीखालून गेल्यावर त्यामागचं कारण लक्षात आलं. रेफरी काही आपल्या सोयीसाठी मुद्दे वेगळे करून लिहीत नाही. तो वाचता वाचता लिहीत जातो. पावसाच्या आकड्यांबद्दल बोलताना मध्येच मातीबद्दल एक प्रश्न विचारतो आणि पुन्हा पावसाकडे वळतो. परिच्छेदाला परिच्छेदाने उत्तर दिलं की पावसाचं उत्तर लांबलचक होतं आणि मातीचा प्रश्न तसाच राहतो. कोऱ्या फुलस्केपवर एकटी पडलेली पट्टी मात्र नजरेतून सुटत नाही.

आता निवृत्तीनंतर माझ्याकडे अशी उत्तरपत्रं तपासायला येतात ती ईमेलने. विद्यार्थी, जुने सहकारी, कधी त्यांचे विद्यार्थी पाठवतात. पत्र अर्थातच इंग्रजीत असतं. वर्डमधला तक्ता असतो, डावीकडे रिव्ह्यूअरचं म्हणणं, उजवीकडे लेखकाचं उत्तर, एक काळ्या अक्षरात, दुसरं निळ्या. सोबत लेखाच्या दोन फाइली, एकीत बदल रंगीत दिसतात, दुसरी स्वच्छ. हे सगळं जर्नलच्या साइटवर चढवलं की संपादकांकडे त्याच मिनिटाला पोचतं. एअरमेलने दोन-तीन आठवडे जायचे, रजिस्टर एडीची पोचपावती यायची वाट बघायची, ते सगळं गेलं. गेलं ते बरंच झालं. आडगावच्या संशोधन केंद्रावर बसलेल्या मुलीला अमेरिकेतल्या मुलीइतक्याच वेळात अभिप्राय मिळतो, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. पण तपासताना मी अजूनही सरांसारखीच सुरुवात करते. तक्ता बाजूला ठेवते, संपादकांनी पाठवलेला मूळ अभिप्राय उघडते आणि त्यातलं प्रत्येक मागणं किंवा प्रश्न वेगळा करून त्याला क्रमांक देते. लेखकाने बनवलेल्या तक्त्यावर विसंबत नाही, कारण तक्ता बनवतानाच काही वाक्यं गळलेली असतात. मुद्दाम गाळलेली नसतात. डोळ्याला जे प्रश्न वाटले नाहीत ती गळतात.

मध्यंतरी आलेल्या एका पत्राबद्दल जरा सविस्तर सांगते. रब्बी ज्वारीवरचा लेख होता. कोरडवाहू ज्वारीला संरक्षित पाणी दिलं तर उत्पादनात किती फरक पडतो आणि कोणत्या वाणाला त्याचा जास्त उपयोग होतो, असा प्रश्न. पाण्याच्या तीन पातळ्या होत्या: पाणीच नाही, पोटरीच्या वेळी एक, आणि पोटरी व दाणे भरताना अशी दोन. वाण चार, रेप्लिकेशन्स चार, हंगाम दोन, शेत एकाच ठिकाणचं. लेख पाठवणारी मुलगी मेहनती, आकडे स्वच्छ. दुसऱ्या रिव्ह्यूअरचा अभिप्राय दोन पानी होता.

त्यातला तिसरा परिच्छेद पावसाबद्दल होता. दोन्ही हंगामांचा पाऊस महिनावार द्या, परतीचा पाऊस वेगळा दाखवा, असं मागितलं होतं आणि मध्ये एक उपवाक्य होतं की मातीची खोली दिलेली नसल्याने ओलाव्याबद्दलचं विवेचन पडताळता येत नाही. तिच्या उत्तरात पावसाचा नवा तक्ता होता, आलेखही होता, आणि मातीबद्दल अवाक्षर नव्हतं. रब्बी ज्वारी जगते ती जमिनीत साठलेल्या ओलीवर. हातभर खोल जमीन आणि पुरुषभर खोल काळी जमीन यांत संरक्षित पाण्याचा परिणाम पार वेगळा दिसतो. म्हणजे त्या परिच्छेदातला सगळ्यात वजनदार प्रश्न तोच होता, आणि तोच उपवाक्यात बसला होता. खोली तिला माहीत होती, खड्डा खणून मोजलेली होती, नोंदवहीत होती. फक्त लेखात नव्हती. ती पद्धतीच्या भागात घातली आणि पत्रात तिला स्वतंत्र क्रमांक दिला.

क्रमांक जुळले की दुसरं काम सुरू होतं, आणि त्यात जुन्या काळाचा एक फायदा होता असं मला वाटतं. तेव्हा लेखात एक ओळ बदलायची तर निदान ते पान पुन्हा टाइप करावं लागे, ओळ लांबली तर पुढची पानंही. कार्बन लावून प्रती काढायच्या, चूक झाली तर प्रत्येक प्रतीवर पांढरा रंग लावायचा. त्यामुळे आधी लेख बदलायचा, तो टाइप होऊन आला की मगच पत्रात ‘पान नऊवर बदल केला’ असं लिहायचं, असा क्रम आपोआप पडायचा. सर पत्र डाव्या हाताला आणि लेख उजव्या हाताला ठेवून बसत. पत्रात बदलाचा उल्लेख आला की लेखात ती जागा शोधत आणि दोन्हीकडे पेन्सिलीने एकच आकडा टाकत. एका कागदावर आकडा आहे आणि दुसऱ्यावर नाही, असं झालं की पत्र परत.

आता क्रम उलटला आहे. तक्त्यात उत्तरं भरणं सोपं, म्हणून ती आधी भरली जातात आणि लेखातले बदल नंतर करू म्हणून राहतात. ‘योग्य ती दुरुस्ती केली आहे’ हे वाक्य दिसलं की मी थांबते. कोणती दुरुस्ती, कुठे, आता तिथे काय लिहिलं आहे, या तिन्ही गोष्टी त्या उत्तरात नसतील तर ती झालेली नाही असं धरून मी लेख उघडते. या लेखात असं एक ठिकाण निघालं. पत्रात म्हटलं होतं की वाणांची नावं सगळीकडे एकसारखी केली. लेखात तीन तक्त्यांपैकी एकात जुनीच नावं होती. दुसरी नेहमीची गडबड ओळींच्या क्रमांकांची. लेखकाने क्रमांक रंगीत फाइलीतले दिलेले असतात, रिव्ह्यूअर उघडतो स्वच्छ फाइल, आणि ओळ १८६ वर त्याला भलतंच वाक्य दिसतं. त्याचा विश्वास तिथेच डळमळतो. म्हणून पत्राच्या सुरुवातीलाच कोणत्या फाइलीतले क्रमांक आहेत ते लिहायचं, आणि क्रमांक अगदी शेवटी, लेखातला शेवटचा स्वल्पविराम हलवून झाल्यावर भरायचे. त्याहून बरं म्हणजे बदललेलं वाक्य पत्रातच अवतरणात द्यायचं. विल्यम नोबल यांनी २०१७ साली ‘प्लॉस कॉम्प्युटेशनल बायॉलॉजी’मध्ये उत्तरपत्रासाठी दहा नियम लिहिले, त्यातही पत्र लेख न उघडता वाचता यावं यावर भर आहे. ते वाचताना मला सरांच्या फुलस्केपची आठवण झाली.

मग येतो सुराचा भाग. इथे मला सगळ्यात जास्त वेळ लागतो.

त्याच रिव्ह्यूअरने लिहिलं होतं की एका ठिकाणच्या प्रयोगावरून शीर्षकात अवर्षणप्रवण महाराष्ट्राचं नाव घेणं योग्य नाही. मुलीने उत्तरात अर्धं पान बाजू मांडली होती: हा भाग प्रातिनिधिक आहे, माती सारखी आहे, आधीच्या लेखकांनीही असंच केलं आहे. मी तिला विचारलं, “तुझ्याकडे दुसऱ्या ठिकाणचा एकतरी आकडा आहे का?” ती म्हणाली, “नाही मॅडम.” मग रिव्ह्यूअर बरोबर आहे. जिथे समोरचा बरोबर असतो तिथे उत्तर दोन ओळींचं हवं: सूचना मान्य, शीर्षक असं असं बदललं, सारांशातलं आणि निष्कर्षातलं वाक्यही त्याप्रमाणे आवरलं. मान्य करताना लांबण लावली की ते मनापासून मान्य केलेलं वाटत नाही.

पण पुढचा मुद्दा वेगळा होता. प्रयोग स्प्लिट प्लॉट पद्धतीचा होता. पाणी अरुंद वाफ्यांच्या सीमेवर अडवता येत नाही, शेजारच्या वाफ्यात पाझरतं, म्हणून पाण्याच्या पातळ्या मोठ्या प्लॉटना दिल्या होत्या आणि प्रत्येक मोठ्या प्लॉटच्या पोटात चार वाणांचे चार छोटे प्लॉट होते. चार रेप्लिकेशन्स, म्हणून मोठे प्लॉट १२ आणि छोटे ४८. रिव्ह्यूअरचं म्हणणं असं की हे सगळं गुंतागुंतीचं आहे, पाणी आणि वाण यांच्या १२ जोड्या करा, साधं रँडमाइझ्ड ब्लॉक म्हणून विश्लेषण करा, म्हणजे एररला जास्त डिग्रीज ऑफ फ्रीडम मिळतील. मुलीने तसं करून पाहिलं. दुसऱ्या पाण्याचा जो परिणाम आधी सांख्यिकीदृष्ट्या ठरत नव्हता तो आता ठळक दिसू लागला. पत्रात तिने लिहिलं होतं की सूचनेबद्दल आम्ही अत्यंत ऋणी आहोत, त्याप्रमाणे पुन्हा विश्लेषण केलं असून निष्कर्ष अधिक भक्कम झाले आहेत.

ते वाक्य मी कापलं. पाणी कुठे द्यायचं याची चिठ्ठी फक्त १२ मोठ्या प्लॉटांमध्ये टाकली होती. त्यामुळे पाण्याचा परिणाम जोखायचा तो त्या मोठ्या प्लॉटांच्या आपसांतल्या चढउतारावर, आणि त्याला मिळतात फक्त ६ डिग्रीज ऑफ फ्रीडम. वाणांसाठी वेगळा एरर, त्याला २७. रिव्ह्यूअर म्हणतो तसं केलं की ६ आणि २७ एकत्र होऊन ३३ होतात. आकडा मोठा दिसतो, पण एकाच मोठ्या प्लॉटातले छोटे प्लॉट सारख्याच ओलीत वाढलेले असल्याने एकमेकांसारखे असतात. त्यांचा लहान चढउतार पाण्याच्या पारड्यात घातला की पाण्याचा परिणाम आहे त्यापेक्षा खात्रीचा भासतो. सूचना आपल्या फायद्याची होती, आणि चुकीची होती. नको असलेली सूचना नाकारणं सोपं असतं. आपल्या फायद्याची सूचना नाकारायला आकड्यांशी इमान लागतं.

उत्तर पुन्हा लिहायला आम्ही फोनवर बसलो. पहिलं वाक्य असं ठरलं की ही सूचना आम्ही स्वीकारलेली नाही, कारण पुढे देत आहोत. पत्र वाचणारे संपादक सांख्यिकीचे असतीलच असं नाही. त्यांना पहिल्या ओळीत कळलं पाहिजे की इथे लेखक नाही म्हणत आहे. ‘सूचनेचा गांभीर्याने विचार केला’ अशी सुरुवात करून चौथ्या ओळीत नकार सांगणं म्हणजे लपवणं. दुसऱ्या वाक्यात चिठ्ठी कुठे टाकली ते. तिसऱ्यात ६, २७ आणि ३३ यांचा हिशेब. मग रिव्ह्यूअरने सुचवलेल्या विश्लेषणाचा निकाल पत्रातच छोट्या तक्त्यात दिला, म्हणजे आम्ही ते करून पाहिलं हे त्याला दिसेल आणि फरक कुठून येतो तेही. लेखात तो तक्ता घातला नाही.

यानंतर एक गोष्ट उरली, आणि माझ्या मते सभ्यपणाची खरी जागा तीच. रिव्ह्यूअरच्या सूचनेखाली एक रास्त काळजी होती: ६ डिग्रीज ऑफ फ्रीडम फार थोडे आहेत. ते खरंच होतं. म्हणून चर्चेच्या भागात एक वाक्य घातलं की दुसऱ्या पाण्याचा परिणाम या प्रयोगात ठरला नाही याचा अर्थ तो नाही असा नव्हे, मोठ्या प्लॉटांच्या एवढ्या कमी संख्येत तो पकडण्याची क्षमताच कमी होती. आणि हे वाक्य रिव्ह्यूअरमुळे आलं असं पत्रात सांगितलं. आभार मानायचे ते इथे. प्रत्येक मुद्द्याच्या डोक्यावर ‘या अत्यंत मौलिक सूचनेबद्दल धन्यवाद’ छापलं की वीस वेळा वाचून त्यातला अर्थ निघून जातो. वर एकदा, आणि जिथे लेख खरोखर सुधारला तिथे.

शब्दही काही वगळले. ‘लेखात आधीच स्पष्टपणे म्हटल्याप्रमाणे’ हे तिच्या मसुद्यात दोनदा होतं. स्पष्ट असतं तर त्याने विचारलं नसतं. ते वाक्य कुठे आहे ते सांगायचं आणि शक्य असेल तर वाचणाऱ्याला चुकणार नाही अशा जागी हलवायचं. ‘रिव्ह्यूअरचा गैरसमज झालेला दिसतो’ हे तर कुठेच नको, गैरसमज खरोखर झालेला असला तरी. प्रयोगाची मांडणी आता अशी अशी लिहिली आहे, एवढं पुरतं. आणि ‘हे पुढील संशोधनात पाहता येईल’ हे वाक्य मी फार क्वचित ठेवते. बहुतेक वेळा ते न दिलेल्या उत्तरावरचं पांघरूण असतं.

नाही म्हणण्याची जुनी रीत कशी होती याचं प्रसिद्ध उदाहरण आइन्स्टाइनचं आहे. १९३६ साली त्यांनी रोझेन यांच्याबरोबर गुरुत्वीय लहरींवरचा लेख ‘फिजिकल रिव्ह्यू’कडे पाठवला. संपादक जॉन टेट यांनी तो रेफरीला दाखवून आलेला अभिप्राय त्यांना कळवला. आइन्स्टाइननी उत्तर धाडलं की लेख छापण्यासाठी पाठवला होता, छापण्याआधी तज्ज्ञांना दाखवण्याची परवानगी दिली नव्हती, आणि त्या अनाम तज्ज्ञाच्या चुकीच्या शेऱ्यांना उत्तर देण्याचं कारण नाही. लेख परत घेतला. अभिप्रायातला मुद्दा बरोबर होता. त्या लहरी अस्तित्वात नाहीत हा मूळ निष्कर्ष पुढे बदलला आणि १९३७ मध्ये लेख दुसऱ्या नियतकालिकात छापून आला. रेफरी एच. पी. रॉबर्टसन होते हे बऱ्याच काळाने उघड झालं. त्या पत्रात ठामपणा भरपूर होता, फक्त मुद्द्याला मुद्दा नव्हता. रेफरीच्या एका एका आक्षेपाखाली उत्तर लिहायला बसले असते तर कदाचित तिथेच चूक सापडली असती.

आमच्या वेळी पत्र वाचणारी माणसं दोन-तीनच असायची. संपादक, फार तर ते रेफरी, आणि मग फाइल बंद. आता काही जर्नलं अभिप्राय आणि उत्तरं लेखासोबतच प्रसिद्ध करतात. ‘एम्बो जर्नल’ने हे २००९ मध्येच सुरू केलं. मला हा बदल मनापासून आवडतो, कारण पुढच्या विद्यार्थ्याला असं पत्र कसं लिहितात ते वाचायला मिळतं. आम्हाला सरांच्या कपाटातल्या कार्बन प्रतींखेरीज काही बघायला मिळायचं नाही.

ज्याची चुटपुट लागते ती गोष्ट वेगळी. पहिलं उत्तर हाताने लिहायचं, त्यात मनातली सगळी चरफड येऊ द्यायची, आणि टायपिस्टकडे जाण्याआधी ते आठवडाभर सरांच्या टेबलावर पडून राहायचं. पडून असताना ते निवायचं. आता काही जर्नलं दहा दिवसांत सुधारित लेख मागतात, पाच सहलेखक एकाच फाइलीत रात्री उशिरा लिहितात, आणि पत्रात पाच आवाज येतात. एक मुद्दा गयावया करतो, दुसरा भांडतो. म्हणून मुदत वाढवून मागा असं मी सांगते. संपादकांना दोन ओळींचा ईमेल केला तर बहुतेक वेळा मिळते. आणि शेवटचा हात एकाच माणसाचा असू द्या, त्याने अख्खं पत्र एका बैठकीत मोठ्याने वाचावं.

ज्वारीच्या लेखावर दुसरी फेरी झाली. पहिला रिव्ह्यूअर समाधानी होता. दुसऱ्याने लिहिलं की विश्लेषणाबद्दलचं स्पष्टीकरण मान्य आहे, पण वाचकाला हा फरक कळावा म्हणून अनोव्हाच्या तक्त्यात दोन्ही एरर आपापल्या डिग्रीज ऑफ फ्रीडमसह वेगळ्या ओळींवर दाखवावेत. रास्त मागणी होती. तिने त्याच दिवशी तक्ता बदलला, पत्रात एकच मुद्दा, खाली तीन ओळींचं उत्तर आणि नव्या तक्त्याचा पान क्रमांक. मी तो क्रमांक स्वच्छ फाइलीत पडताळून पाहिला आणि तिला पाठव म्हणून कळवलं.